पूल बंद आहे, हे कुठल्या भाषेत सांगायचं

तिला सगळे चौकशीबाई म्हणत. शहराच्या मुख्य बसस्थानकावर काचेच्या मागे एक चौकशीची खिडकी होती, आणि केस काळेभोर होते तेव्हापासून बाई त्या खिडकीत बसत आल्या होत्या. काचेला मधोमध गोल भोक. त्या भोकातून दिवसभर प्रश्न आत यायचे आणि उत्तरं बाहेर जायची. इस्पितळाला कुठली बस? शेवटची गाडी गेली का? सुट्टे आहेत का? हो, सुट्ट्यांचीही चौकशी तिथंच व्हायची.

मग फोनवर बसचं ॲप आलं. खिडकीपुढची रांग आटली आणि एके दिवशी खिडकीवर पुठ्ठा लागला. बाईंना वाटलं, आता आपल्याला कुठल्यातरी डेपोत भंगाराच्या पावत्या फाडायला बसवणार. पण त्यांची बदली झाली वरच्या मजल्यावर, प्रसिद्धी विभागात. विभाग म्हणजे एक खोली, दोन टेबलं, दार न लागणारं एक कपाट आणि रंगारी.

रंगारी पूर्वी बसच्या कपाळावरच्या पाट्या हातानं रंगवायचा. पाट्या विजेच्या झाल्या, तेव्हा तो संगणकावर चित्रं करायला शिकला. बाईंना बघून तो म्हणाला, "या. आता आपण दोघं मोडीतले एका खोलीत आलो."

"मोडीत तुम्ही," बाई म्हणाल्या. "मी नुसती वर आलेय."

काम होतं बससेवेचं पान सांभाळायचं. फेसबुकवरचं पान आणि व्हॉट्सॲपवरचा चॅनल. कुठला मार्ग बदलला, कुठला थांबा हलवला, कुणी सामान विसरलं, हे सगळं शहराला सांगायचं. शहर म्हणजे नुसती खिचडी. जुन्या पेठांतले लोक, नदीपलीकडच्या नव्या इमारतींत परगावाहून नोकरीला आलेले लोक, कॉलेजची मुलं, इस्पितळातल्या नर्सेस, बांधकामावरची माणसं. इंग्रजी मजकूर बाहेरच्या एका जाहिरात कंपनीकडून यायचा, आपल्या भाषेतला बाईंनी लिहायचा, आणि दोन्ही एकाखाली एक चिकटवून टाकायचे.

हा नियम साहेबांचा. साहेब वाहतूक विभागाचे प्रमुख. माणूस सरळ, पण दुधानं तोंड पोळलेला. मागे एकदा नुसती इंग्रजी पोस्ट गेली, तेव्हा आपल्या भाषेचा अभिमान असलेली मंडळी घोषणा देत त्यांच्या दारात आली होती. पुढच्या वेळी नुसती आपल्या भाषेत गेली, तर कॉलेज आणि इस्पितळ दोन्हीकडून खरमरीत फोन. तेव्हापासून साहेबांचं एकच म्हणणं: "प्रत्येक पोस्ट दोन्ही भाषांत. वरती आपली, खाली इंग्रजी. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही."

बाईंनी ते इमानेइतबारे केलं. पोस्टा लांबच लांब व्हायच्या. चित्रावर दोन्ही भाषा बसवायच्या म्हणून रंगारी अक्षरं बारीक करत करत मुंगीएवढी करायचा. बाईंचे यजमान चष्म्याच्या दुकानात कामाला होते. त्यांनी एकदा जेवता जेवता बाईंचा फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "आमच्या दुकानातल्या तक्त्याची शेवटची ओळसुद्धा याच्यापेक्षा मोठी असते गं. तुमचे प्रवासी काय गरुड आहेत?"

"दोन भाषा बसवायच्या असतात. जागा एकच."

"मग तुमच्या साहेबांना सांग, आमच्या दुकानाची जाहिरातही करा. धंदा वाढेल."

बाई हसल्या, पण घास तोंडातच घोळत राहिला.

त्यांच्या शेजारच्या घरात एक नर्स भाड्यानं राहायची. दूरच्या प्रांतातली पोर. इथं येऊन तिला इथली भाषा बोलता यायला लागली होती, भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकी. बाई तिला सिस्टर म्हणत, ती बाईंना ताई. एका सकाळी सिस्टर जिन्यात भेटली ती रडवेली होऊन. आदल्या दिवशी ती नेहमीच्या थांब्यावर ताटकळत उभी राहिली, बस आलीच नाही, ड्यूटीला उशीर झाला आणि मेट्रननं सगळ्यांसमोर झाडलं.

"अगं, पण तो थांबा हलवलाय," बाई म्हणाल्या. "आम्ही पोस्ट टाकली होती. इंग्रजीतसुद्धा होती."

"कुठं होती, ताई?"

बाईंनी फोन काढून दाखवला. पडद्यावर आपल्या भाषेतल्या तीन ओळी दिसत होत्या आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरात 'आणखी वाचा'. बाईंनी त्यावर बोट ठेवलं तेव्हा पोस्ट उलगडली आणि पार तळाला इंग्रजी दिसलं.

सिस्टर फोनकडे बघत राहिली. "मला तुमची भाषा कळते. तुम्ही बोललात की सगळं कळतं. पण वाचता नाही येत. मला ती अक्षरं म्हणजे नुसती नक्षी. नक्षी दिसली की मी पुढं जाते. खाली माझ्यासाठी काही ठेवलंय, हे मला कोण सांगणार?"

बाईंच्या मनाला ते फार लागलं. आपण दोन्ही भाषांत सांगितलं, असं त्या मानत होत्या. प्रत्यक्षात एकीत सांगितलं होतं आणि दुसरी माळ्यावर टाकून ठेवली होती.

त्याच आठवड्यात एक जुने ड्रायव्हर निवृत्त झाले. हॉर्न न वाजवण्याबद्दल प्रसिद्ध माणूस. समोर म्हैस आली तरी खिडकीतून मान काढून "अहो ताई, सरका जरा" म्हणायचे. बाईंनी त्यांच्यावर छोटंसं, गमतीदार लिहिलं. लिहिताना त्या स्वतःच हसत होत्या. मग जाहिरात कंपनीकडून त्याचं इंग्रजी आलं. त्यात ड्रायव्हर प्राण्यांशी आदरानं वागत असत, अशी नोंद होती. म्हैस कुठंतरी वाटेतच उतरली होती. दोन्ही एकाखाली एक गेलं आणि कुणी हसलं नाही.

बाई तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, सगळं दोन्ही भाषांत टाकणं बंद करूया."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, माझ्या दारात पुन्हा घोषणा ऐकायच्यात का तुम्हाला?"

"खिडकीत मी कधी कुणाला दोन भाषांत उत्तर दिलं नाही. ज्या भाषेत विचारलं, त्या भाषेत सांगितलं. माणूस निघून गेला, बसमध्ये बसला."

"खिडकीत माणूस एकटा समोर असतो," साहेब म्हणाले. "इथं सगळं शहर एकदम समोर उभं असतं. कुणी काय विचारलंय, तुम्हाला काय ठाऊक?"

हे बाईंना पटलं. साहेबांचं चूक नव्हतं. त्या खोलीत परत आल्या आणि चहा गार होईपर्यंत विचार करत बसल्या. सगळं शहर समोर उभं आहे. ठीक. मग प्रत्येक पोस्ट टाकताना स्वतःला काय विचारायचं? वाचणारा कोण आहे, हे तर कळणार नाही. पण ही पोस्ट कळली नाही तर माणसाचं काय बिघडेल, हे नक्की कळतं. थांबा हलला आणि कळलं नाही, तर सिस्टरला बोलणी बसतात. ड्रायव्हरची म्हैस कळली नाही, तर कुणाचं काही अडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा साहेबांपुढं. "ज्यानं कुणी अडकून पडेल, ते दोन्ही भाषांत. पण एकाखाली एक नाही. दोन वेगळी चित्रं, एकाच वेळी, दोन्ही पूर्ण. आणि ज्यानं कुणी अडकणार नाही, ते ज्या भाषेत सुचलं त्या भाषेत राहू द्यावं. कॉलेजच्या परदेशी पाहुण्यांसाठी खास गाडी सोडली, तर नुसतं इंग्रजी. ड्रायव्हरकाकांचा निरोप, तर नुसती आपली भाषा. आणि खाली कुणी काही विचारलं, तर त्याच्या भाषेत उत्तर."

"आणि कुणी भांडायला आलं तर?"

"तर त्याच्या भाषेत भांडेन."

साहेब हसले, पण होकार दिला नाही. "बघू," म्हणाले. साहेबांचं 'बघू' म्हणजे फायलीवर ठेवलेला पेपरवेट.

तो पेपरवेट हलवला पुलानं.

नदीवरचा जुना पूल दुरुस्तीसाठी काही महिने बंद राहणार होता. निम्म्या शहराच्या बसगाड्या त्या पुलावरून जायच्या. जुन्या पेठा अलीकडे, इस्पितळ आणि कॉलेज पलीकडे. पूल बंद म्हणजे नाक दाबल्यासारखंच. मार्ग ठरत होते, तेवढ्यात नगराच्या अभियंत्यानं जाहिरात कंपनीला एक निरोप पाठवला, फोनवर, घाईघाईत, इंग्रजी अक्षरांत आपली भाषा लिहून: जुना पूल सोमवारपासून बंद. कंपनीतल्या लिहिणाऱ्या मुलीला आपली भाषा जेमतेम यायची. तिनं तो 'पूल' इंग्रजी समजून वाचला आणि सरळ पोहण्याचा तलाव करून टाकला. सुंदर निळं चित्र, लाटा, आणि इंग्रजीत ठळक मथळा की शहराचा जुना जलतरण तलाव सोमवारपासून दुरुस्तीसाठी बंद. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

घाईत ते चित्र बाईंकडे न येता परस्पर पानावर गेलं आणि गंमत सुरू झाली. तलावाचा रखवालदार बससेवेला फोन करून विचारू लागला, "मला न विचारता माझा तलाव कुणी बंद केला?" पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या आया पैसे परत मागू लागल्या. आणि पलीकडच्या इमारतींतल्या हजारो माणसांना पूल बंद होणार आहे याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या लेखी फक्त पोहण्याची पंचाईत झाली होती.

साहेबांनी बाईंना बोलावलं. टेबलावर त्या निळ्या चित्राची छापील प्रत पडली होती. साहेबांना हसावं की रडावं कळत नव्हतं.

"बाई, दोन्ही भाषा तुम्ही बघा," ते म्हणाले. "आणि तुम्ही म्हणत होतात तसं करा. याच्यापेक्षा वाईट काय होणार आहे?"

बाईंना आनंद झाला आणि धास्तीही वाटली. त्यांचं इंग्रजी म्हणजे खिडकीवरचं इंग्रजी. इथं थांबा. तिकडं जा. ही बस नाही, पुढची. व्याकरणाच्या वहीत न सापडणारं, पण भोकातून बरोबर पलीकडे पोचणारं. आता तेच शहरापुढं मांडायचं होतं. लोक हसले तर?

त्यांनी पहिला मजकूर लिहून साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, "जरा साधं नाही वाटत?"

"साधंच आहे, साहेब. इंग्रजी वाचणारे सगळेच काही इंग्रजी शाळेतले नाहीत. सिस्टरची ती दुसरी भाषा, बांधकामावरच्या मुकादमाची तिसरी. त्याला 'अल्टरनेटिव्ह अलाइनमेंट' म्हटलं तर तो डॉक्टरकडे जाईल."

साहेबांनी मान डोलावली, एका ठिकाणी चुकलेला शब्द दुरुस्त करून दिला, आणि तो बदल बाईंनी आभार मानून घेतला.

मग बाई आणि रंगारी कामाला लागले. आपल्या भाषेचं चित्र पिवळं, इंग्रजीचं निळसर. दोन्हींत बसचे नंबर अगदी त्याच जागी, त्याच आकाराचे. रंगाऱ्याचं ते डोकं. म्हणाला, "पिवळंवाला आणि निळंवाला थांब्यावर शेजारी उभे राहिले, तर एकानं बोट ठेवलं की दुसऱ्याला कळलं पाहिजे." अक्षरं एवढी मोठी की यजमानांनी फोन हातभर लांब धरला आणि पहिल्यांदाच तक्रार केली नाही.

थांब्यांच्या नावांवरून मात्र दोघांत जुंपली. कंपनीच्या जुन्या इंग्रजी मजकुरात भाजी मंडईचं 'व्हेजिटेबल मार्केट' झालेलं होतं. रंगाऱ्याला तेच ठेवायचं होतं. "इंग्रजी वाचणाऱ्याला मंडई काय कळणार?"

"कळू दे नाहीतर न कळू दे," बाई म्हणाल्या. "कंडक्टर काय ओरडतो? 'मंडई, मंडई, चला मंडई.' यानं 'व्हेजिटेबल मार्केट आलं का?' विचारलं, तर कंडक्टर म्हणेल आमच्या मार्गावर नाही. नाव हाक मारायचं असतं. नावाचं भाषांतर करायचं नाही, अक्षरं बदलायची."

रंगाऱ्यानं मंडई इंग्रजी अक्षरांत लिहून टाकली.

दोन्ही चित्रं एकाच पोस्टमध्ये शेजारी लावली, कारण वेगवेगळ्या पोस्टा टाकल्या तर कुणाला एक दिसते, कुणाला दुसरी. आणि व्हॉट्सॲपच्या चॅनलवर मात्र ती सुटी सुटी टाकली, कारण तिथून माणूस पुढं पाठवतो ते एकच चित्र, आपल्या आत्याला किंवा आपल्या खोलीतल्या मित्राला, त्याला कळेल ते. वर मथळ्याला फक्त नंबर आणि दोन शब्द, एक आपला, एक इंग्रजी. 'आणखी वाचा' दाबायची कुणाला गरजच पडू नये, असं.

सोमवार उजाडला. बाई सकाळीच नियंत्रण कक्षात जाऊन बसल्या. भिंतीवर पडदे, पडद्यांवर बसचे ठिपके, टेबलावर ओळीनं फोन. असल्या दिवशी ते फोन एकमेकांवर ओरडत असत. साहेब येरझारा घालत होते. नियंत्रक पाण्याची बाटली हातात धरून तयारीत बसला होता. आणि फोन वाजेनात. एखाददुसरा वाजायचा, कुणीतरी काहीतरी विचारायचं, की पुन्हा सामसूम. पडद्यावरचे ठिपके पुलाला वळसा घालून सुरळीत पलीकडे जात होते.

"लाइन तर तुटली नाही ना?" नियंत्रकानं एक फोन उचलून कानाला लावून बघितला.

थांब्यावरच्या निरीक्षकानं कळवलं की लोक हातातले फोन एकमेकांना दाखवतायत, पिवळे आणि निळे, आणि बरोबर रांगेत उभे राहतायत. साहेब पहिल्यांदा खुर्चीवर टेकले.

टेकले आणि तेवढ्यात वायरलेस खरखरला. वळणाच्या मार्गावर रेल्वेच्या बोगद्यात एक मालट्रक अडकला होता. उंचीचा अंदाज चुकून टप छतात रुतला होता, ना पुढं ना मागं. सगळ्या वळवलेल्या गाड्या त्याच्यामागे लागायला निघाल्या होत्या. नियंत्रकानं क्षणात ठरवलं, "टाकीच्या रस्त्यानं काढतो." म्हणजे मंडईचा थांबा गळणार आणि लोकांनी पाण्याच्या टाकीपाशी यायचं. इस्पितळाची पाळी बदलायची वेळ जवळ येत होती.

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

"दोन्ही चित्रं करायला किती वेळ लागेल?" साहेबांनी विचारलं.

"चित्रं नाहीत आता," बाई म्हणाल्या. बोटं आधीच फोनवर होती. "आधी नंबर. नंबराला भाषा नसते."

त्यांनी एकच ओळ लिहिली. आधी तीन गाड्यांचे नंबर. मग आपल्या भाषेत 'मंडई नाही, टाकी'. मग इंग्रजी अक्षरांत त्याच अर्थाचं, 'नॉट मंडई, टाकी'. बस्स. सगळी ओळ पडद्यावर एका नजरेत बसत होती. साहेब मागून वाकून वाचत होते. त्यांना 'कृपया' घालायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण त्यांनी ते गिळलं आणि म्हणाले, "टाका."

ओळ गेली. मग बाईंनी फोन तोंडाशी धरला आणि चॅनलवर बोलल्या, आपल्या भाषेत, सावकाश, शब्द सुटे करून. मंडईला थांबू नका. ट्रक अडकलाय, घाबरायचं काही नाही. टाकीपाशी या, गाडी तिथं येतेय. ज्यांच्या कडेवर मूल आहे त्यांनी घाई करू नका, एकामागे एक गाड्या आहेत.

"इंग्रजी आवाज?" साहेब म्हणाले.

"नंतर टाकू हवा तर. ज्याला इंग्रजी वाचता येतं, त्याचं ओळीत भागलं. आपली भाषा समजते पण वाचता येत नाही अशी माणसं शहरात किती आहेत, साहेब! त्यांना कुणी कधी काही पाठवतच नाही. वाचणाऱ्याला दोन भाषा मिळतात, ऐकणाऱ्याला एकही नाही."

पडद्यावर ठिपके टाकीच्या रस्त्याकडे वळू लागले. मंडईवरच्या निरीक्षकाचा आवाज आला आणि त्यात हसू होतं. "साहेब, इथं सगळ्यांच्या खिशातनं बाईच बोलतायत! एक भाजीवाली मोठ्यानं लावून बसलीय. लोक चालले टाकीकडे. मला काही सांगावंच लागलं नाही." टाकीवरचा निरीक्षक म्हणाला की लोक गाडीच्या आधी येऊन उभे आहेत. बांधकामावरची एक टोळी तर मुकादमाच्या फोनवर तोच आवाज पुन्हापुन्हा लावत आली होती.

इस्पितळाची पाळी वेळेवर बदलली. हे कळलं कसं, तर मेट्रनचा फोन आला. नियंत्रकाला वाटलं, आता शिव्या. त्यानं फोन साहेबांकडे दिला. साहेब "हो... हो... नक्की सांगतो" एवढंच म्हणत राहिले आणि फोन ठेवून बाईंकडे वळले.

"त्या म्हणाल्या, आज एकही नर्स उशिरा आली नाही. एरवी पूल उघडा असतानासुद्धा असं होत नाही."

नियंत्रकानं बाटलीतलं पाणी एका दमात संपवलं आणि टेबल बडवलं. मग आणखी कुणीतरी बडवलं. बघता बघता सगळा कक्ष टेबलं बडवत होता आणि साहेब, ज्यांना कधी कुणी मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं, तेही दोन्ही हातांनी. बाईंनी पदरानं फोनची काच पुसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा काच.

ट्रक दुपारी निघाला, टायरची हवा काढून. बाईंनी तेवढंच कळवलं, आणि या खेपेला दोन्ही चित्रं.

पुढचे महिने सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. एकदा घाईत इंग्रजी चित्रात जुना नंबर राहिला आणि बाईंना दिवसभर माफी मागावी लागली, ज्यानं ज्या भाषेत झाडलं त्याच भाषेत. भाषेच्या अभिमानी मंडळींतले एकजण तावातावानं कचेरीत आले की निळं चित्र हवंच कशाला. बाईंनी त्यांना पिवळं चित्र दाखवून विचारलं, "यात शुद्धलेखनाची चूक सापडते का बघा बरं." त्यांना दोन सापडल्या. ते इतके खूश झाले, की पुढं दर आठवड्याला यायचे आणि निळ्याबद्दल बोलायचं विसरून जायचे.

जाहिरात कंपनीचा करार संपला तो पुन्हा झाला नाही. प्रसिद्धी विभागाच्या दारावर बाईंच्या हुद्द्याची पाटी लागली, 'विभाग प्रमुख', आणि ती रंगाऱ्यानं संगणक बाजूला ठेवून हातानं रंगवली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून, अग्निशमनातून माणसं बाईंकडे शिकायला येऊ लागली. त्यांना वाटायचं, बाई एखादा तक्ता देतील. बाई विचारायच्या, "तुमची गोष्ट कळली नाही, तर माणसाचं काय होईल ते सांगा आधी." आलेला माणूस विचारात पडायचा आणि बहुतेक वेळा त्याचं त्यालाच उत्तर सापडायचं.

पूल उघडायचा दिवस ठरला. गाड्यांचे मार्ग, वेळा, थांबे हे सगळं पिवळ्या-निळ्या जोडीनं आदल्या दिवशीच जाऊन पोचलं होतं. आता नुसती एक पोस्ट उरली होती, पूल उघडल्याची.

"ही दोन्ही भाषांत ना?" साहेबांनी विचारलं. सवयीनंच.

"कामाचं सगळं कालच सांगून झालं," बाई म्हणाल्या. "ही नुसती आनंदाची आहे. ही आपल्या भाषेतच."

त्या पहिल्या बसमध्ये बसून पुलापर्यंत गेल्या. यजमान दुकान उशिरा उघडायचं ठरवून बरोबर आले होते. सिस्टर रात्रपाळी संपवून तशीच पांढऱ्या कपड्यांत पलीकडच्या टोकाला उभी होती. बस पुलाच्या तोंडाशी आली. बाईंनी फोनवर रिकाम्या, स्वच्छ पुलाचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "फार वळणं घेतलीत. या आता, सरळ जाऊ." आणि टाकून दिलं.

बस नदीच्या मध्यावर पोचेपर्यंत खाली लोकांचे शेरे येऊ लागले होते. कुणी इंग्रजीत विचारलं, काय लिहिलंय? बाई उत्तर द्यायला फोन सरसावतायत, तोवर कॉलेजच्या कुठल्यातरी मुलीनं इंग्रजीत अर्थ सांगितला. त्यावर दुसऱ्यानं सांगितलं, नाही, 'या' म्हणजे नुसतं या नाही, त्यात हात धरून बोलावणं आहे. तिसऱ्यानं त्याच्या स्वतःच्या भाषेत सांगितलं, चौथा त्याच्याशी त्यावरून प्रेमानं भांडू लागला. एकानं आपली भाषा इंग्रजी अक्षरांत लिहून पुढं चार हसरे चेहरे लावले. एका पुलाखाली इतक्या भाषा जमल्या आणि एकही भाषांतर बससेवेला करावं लागलं नाही. शहर एकमेकांना समजावून सांगत होतं.

त्यांच्यात एक शेरा आपल्या लिपीत होता. एक काना सुटलेला. "ताई मी वचले." खाली सिस्टरचं नाव. महिनोन्महिने पिवळं आणि निळं शेजारी ठेवून ती नंबरांच्या आधारानं एकेक अक्षर ओळखत गेली होती, आणि कुणाला बोलली नव्हती.

बाईंनी ते यजमानांना दाखवलं. त्यांनी फोन हातात घेतला, वाचला, आणि ड्रायव्हरला हाक मारून म्हणाले, "अहो, जरा हॉर्न वाजवा की!"

ड्रायव्हरनं वाजवला. मागच्या गाडीनं वाजवला, तिच्या मागच्यानं वाजवला. पलीकडच्या टोकाला पांढऱ्या कपड्यांतली एक आकृती दोन्ही हात उंच करून नाचत होती, आणि बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन तिला ओरडून काहीतरी सांगत होत्या.